हप्ता शीटवर काढताना बारानं भागायचं कुठे?
(वाहनकर्जाच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

आम्ही बँका आणि फायनान्स कंपन्यांकडून वाहनकर्ज मिळवून देतो. आमच्याकडे गाडीच्या कर्जासाठी येणारे बरेच जण हल्ली मोबाइलवर शीट उघडूनच खुर्चीत बसतात. चांगलंच आहे. दोन-तीन ठिकाणचे हप्ते समोरासमोर मांडलेले असले की आमचं निम्मं काम झालेलं असतं. फक्त त्यातल्या कित्येक शीटमध्ये एकच चूक असते. ती शोधायला अर्धा तास जातो, आणि तोवर ग्राहकाला वाटत राहतं की आम्ही गोलगोल बोलतोय. म्हणून हे पत्रक.

मध्यंतरी एक गृहस्थ आले होते. गाडीसाठी ६ लाख हवे होते, मुदत ५ वर्षं. एका बँकेचा दर ९.५ टक्के, एका फायनान्स कंपनीचा ६ टक्के फ्लॅट. त्यांच्या शीटवर बँकेचा हप्ता १३,०२२ रुपये होता आणि कंपनीचा १३,०००. "तुमची बँकच महाग दिसते," म्हणाले. २२ रुपयांच्या फरकावर ते कंपनीत सही करायला निघाले होते. बँकेचा खरा हप्ता होता १२,६०१. म्हणजे बँक महाग नव्हतीच, उलट महिन्याला ३९९ रुपयांनी स्वस्त होती.

त्यांनी लिहिलेलं सूत्र असं होतं:

```
=PMT(9.5%,5,-600000)/12
```

वर्षाचा दर, वर्षांची मुदत, आणि शेवटी बारानं भागाकार. वाचायला अगदी बरोबर वाटतं. पण या सूत्राचा अर्थ असा होतो, की तुम्ही वर्षातून एकदाच, वर्षाअखेरीला हप्ता भरणार. वर्षभर ६ लाख मुद्दल जागचं हलत नाही, पहिल्या वर्षाचं व्याज पूर्ण ५७,००० लागतं, आणि त्या वार्षिक हप्त्याचे मग बारा तुकडे होतात. प्रत्यक्षात तुम्ही दर महिन्याला भरता आणि दर महिन्याला मुद्दल थोडं उतरतं. म्हणून बारानं भागायचं ते दराला, आणि मुदत लिहायची महिन्यांत:

```
=PMT(9.5%/12,60,-600000)
```

उत्तर येतं १२,६०१. ताळा करायचा असेल तर पहिला महिना हातानं मांडा. ६ लाखांवर ९.५ टक्क्यांनी एका महिन्याचं व्याज ४,७५० रुपये. हप्त्यातून ते गेलं की उरलेले ७,८५१ मुद्दलात वळते होतात. पुढच्या महिन्याचं व्याज ५,९२,१४९ वर, म्हणजे साधारण ४,६८८ रुपये. व्याज असं दर महिन्याला उतरताना दिसलं की सूत्र बरोबर.

बाकीच्या चुका आपोआप पकडल्या जातात. दर बारानं भागायचा राहिला पण मुदत ६० लिहिली, तर हप्ता ५७,२४७ येतो. टक्क्याचं चिन्ह विसरलं, तर ४,७५,०००. असे आकडे पाहून कुणीही थबकतो. उत्तर वजा आलं तर घाबरू नका. शीटच्या हिशेबात आलेले पैसे अधिक आणि गेलेले वजा असतात, म्हणून आम्ही रकमेआधी वजा चिन्ह लावतो. फसवतो तो १३,०२२सारखा आकडा, कारण तो खरा वाटतो.

आता त्या ६ टक्के फ्लॅटकडे येऊ. याला PMT लावूच नका. तिथे व्याज शेवटपर्यंत पूर्ण ६ लाखांवर मोजतात: वर्षाला ३६,०००, पाच वर्षांचे १,८०,०००. एकूण ७,८०,००० भागिले ६०, हप्ता १३,०००. मुद्दल जागचं हलत नाही ही वरच्या सूत्रातली गफलत इथे मुद्दाम केलेली आहे, आणि वर्षापुरती नव्हे, पाचही वर्षं. याचा घटत्या शिलकीवरचा दर किती, ते उलट्या सूत्रानं कळतं:

```
=RATE(60,-13000,600000)*12
```

उत्तर १०.८५ टक्के. (शीट कधी कधी नुसतं ११ टक्के दाखवते, दशांश स्थळं वाढवून घ्या.) कंपनी खोटं बोलत नाही, फ्लॅट हा शब्द कागदावर असतो. आपल्या कानात मात्र नुसता सहा राहतो.

याच सूत्रात प्रोसेसिंग फीसुद्धा बसते. त्या बँकेची फी ६,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून ७,०८०. हप्ता पूर्ण ६ लाखांचा, हातात मात्र ५,९२,९२०:

```
=RATE(60,-12601,592920)*12
```

म्हणजे ९.५ टक्क्यांचं कर्ज खऱ्या हिशेबात १०.०१ टक्क्यांना पडलं. फी न घेणाऱ्या कंपनीच्या १०.८५पेक्षा तरीही कमीच. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांना 'की फॅक्ट स्टेटमेंट' द्यावंच लागतं, आणि त्यात एपीआर म्हणून सगळे आकार धरून काढलेला वार्षिक दर छापलेला असतो. तुमचं उत्तर त्याच्या जवळपास यायला हवं. बरंच खाली आलं, तर विमा किंवा आणखी कुठला आकार तुमच्या शीटमध्ये राहून गेलाय का ते बघा.

तीन ऑफर असतील तर दुसऱ्या ओळीत रक्कम, तिसरीत दर, चौथीत महिने, आणि प्रत्येक ऑफरला एक स्तंभ. B5मध्ये सूत्र लिहून उजवीकडे ओढा:

```
=PMT(B3/12,B4,-B2)
```

आणि महिने सगळीकडे सारखे ठेवा. याचा आम्ही आग्रह का धरतो ते एका उदाहरणात दिसेल. दुसरी एक बँक ९ टक्क्यांनी, पण ८४ महिन्यांसाठी देते. हप्ता ९,६५३. दरही कमी, हप्ताही जवळजवळ तीन हजारांनी कमी, कुणालाही मोह पडेल. पण व्याज मोजा: पहिल्या बँकेत साठ महिन्यांत १,५६,०६७, इथे २,१०,८९०. दरमहा खरंच ओढाताण असेल तर लांब मुदत घ्या, त्यात चूक नाही. मात्र तुलना आधी ६० महिन्यांवर करा. तिथे ९ टक्क्यांचा हप्ता १२,४५५ येतो, म्हणजे स्वस्ताई महिन्याला १४६ रुपयांची. बाकीची घट लांबलेल्या मुदतीची आहे.

आम्ही फोनवर हप्ता सांगत नाही, याचा काहींना राग येतो. दर, महिने, फी आणि दर फ्लॅट की घटता, या चारही गोष्टी कागदावर दिसल्याशिवाय सांगितलेला हप्ता नंतर बदलतो आणि बोल आम्हाला लागतो. आमचं कमिशन कर्ज देणारी संस्था देते, ग्राहकाकडून आम्ही काही घेत नाही. कमिशन सगळीकडे सारखं नसतं हेही खरं, म्हणून तुमची शीट आमच्यासमोर उघडी असलेली आम्हाला बरी वाटते. दुसरीकडून आणलेली ऑफरसुद्धा आम्ही याच शीटवर बसवून देतो. ती स्वस्त निघाली तर तसं सांगतो.

वर दिलेली शीट भरलेल्या सूत्रांसह हवी असेल तर काउंटरवर मागा, व्हॉट्सॲपवर पाठवू. येताना प्रत्येक ऑफरचं की फॅक्ट स्टेटमेंट किंवा कोटेशन आणा. शनिवारी दुपारनंतर गर्दी असते, त्याआधी आलात तर निवांत बसता येईल.