मास इंडेक्स 27 च्या वर गेला, आता काय करायचं?

आमच्या चार्टिंग सॉफ्टवेअरमध्ये खालच्या पट्टीत मास इंडेक्स लावता येतो, आणि तो लावल्यावर आम्हाला सगळ्यात जास्त येणारा फोन म्हणजे "लाइन 27 च्या वर गेलीय, विकू का?" तर उत्तर असं की नुसत्या त्या लाइनवरून विकायचं की घ्यायचं हे कळतच नाही, कळणारही नाही, कारण तिच्या गणितात भाव वर चाललाय की खाली ही माहिती आतच जात नाही.

हा इंडिकेटर डोनाल्ड डॉर्सी यांनी 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला मांडला. यात फक्त दिवसाचा हाय वजा लो, म्हणजे रेंज घेतात. तिचा 9 दिवसांचा ईएमए काढतात, मग त्या ईएमएचा परत 9 दिवसांचा ईएमए, पहिल्याला दुसऱ्याने भागतात आणि अशा शेवटच्या 25 दिवसांच्या भागाकारांची बेरीज करतात.

```
MI = SUM( EMA(H-L,9) / EMA(EMA(H-L,9),9), 25 )
```

रेंज रोज सारखीच असेल तर भागाकार 1 येतो आणि बेरीज 25, त्यामुळे लाइन शांत असली की 25 च्या आसपास लोळत असते. ती 27 च्या वर जाऊन नंतर 26.5 च्या खाली आली की त्याला रिव्हर्सल बल्ज म्हणतात. नुसतं 27 ओलांडणं म्हणजे बल्ज नाही, अर्धंच काम झालं.

आता एक बनवलेलं उदाहरण घेऊ, यात गंमत कळते. समजा एका शेअरची रेंज बरेच दिवस रोज 10 पॉइंट होती आणि अचानक ती 20 झाली आणि 20 वरच राहिली. पहिल्या दिवशी पहिला ईएमए 12 होतो, दुसरा 10.4, भागाकार 1.15. तिसऱ्या दिवशी तो 1.26 पर्यंत जातो आणि मग हळूहळू उतरायला लागतो, कारण मागचा ईएमए पुढच्याला गाठत येतो. बेरीज मात्र चढतच राहते, दहाव्या दिवशी ती 27 ओलांडते, पंचविसाव्या दिवशी साधारण 27.67 वर टेकते, आणि 26.5 च्या खाली येते एकतिसाव्या दिवशी.

त्या एकतिसाव्या दिवशी बाजारात काय झालं? काहीच नाही, रेंज तेव्हाही 20 च होती, फक्त सुरुवातीचे मोठे भागाकार 25 दिवसांच्या खिडकीतून बाहेर पडले म्हणून लाइन पडली. म्हणजे बल्ज पूर्ण व्हायला रेंज आकसावीच लागते असं नाही, ती फुगायची थांबली तरी पुरतं. मास इंडेक्स रेंज मोठी आहे का ते सांगत नाही, ती मोठी होत चाललीय का ते सांगतो, आणि तेही बऱ्यापैकी उशिरा. काही जण पंचवीसचा आकडा कमी करून सिग्नल लवकर आणायला बघतात, पण मग बेरीजच लहान होते आणि 27 ला काही अर्थ उरत नाही, तेव्हा सेटिंग बदललं तर लेव्हलही नव्याने ठरवा.

उलट एकच दिवस बाजार पिसाळला, रेंज 10 वरून 40 झाली आणि दुसऱ्या दिवशी परत 10, तर बेरीज जेमतेम 25.84 पर्यंत जाते. एका बातमीच्या दिवसाने बल्ज येत नाही, हे आमच्या मते याचं चांगलं अंग आहे.

दिशेसाठी डॉर्सींनी भावाचाच 9 दिवसांचा ईएमए सोबत बघायला सांगितलं होतं. बल्ज पूर्ण होताना तो उतरत असेल तर वर वळण्याची शक्यता धरायची, चढत असेल तर खाली. शक्यता बरं का, खात्री नाही, बल्ज येऊन ट्रेंड तसाच पुढे पळाला असंही होतं. आणि ईएमए आडवा पडला असेल, भाव एका पट्ट्यातच वरखाली करत असेल, तर उलटायला ट्रेंडच नाही, तिथे बल्ज सोडून द्या.

गॅपचं पण लक्षात ठेवा. भाव रोज गॅपने उघडतोय आणि दिवसभर एवढ्याशा जागेत फिरतोय अशा वेळी खरी उलथापालथ गॅपमध्ये असते, हाय वजा लो मध्ये ती येतच नाही आणि लाइन निवांत दिसते. अशा शेअरला एटीआर लावून बघा, त्यात आदल्या दिवसाचा क्लोज धरलेला असतो.

आमच्या चार्टवर 27 आणि 26.5 च्या दोन आडव्या रेषा आपोआप येतात. अलर्ट लावताना तो 26.5 खाली तुटल्यावरचा लावा, आणि त्याच चार्टवर क्लोजचा 9 चा ईएमए चालू ठेवा.