‘साहेब वयानं लहान, चालेल?’ आणि ‘पोरांबरोबर जमेल?’

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एखाद्या मशीनशॉपमध्ये पन्नाशीतला टर्नर सुपरवायझरच्या इंटरव्ह्यूला बसला, की यातला एखादा प्रश्न येतोच. कानाला दोन्ही सारखेच लागतात, म्हणून उत्तरही एकच दिलं जातं: "मी सगळ्यांना सांभाळून घेतो." पण पहिल्यात पाहायचं असतं, तुमचं म्हणणं डावललं तर तुम्ही कसे वागता. दुसऱ्यात, हातातलं कसब तुम्ही पोरांना देता का आणि त्यांच्याकडून काही घेता का.

पहिल्याला आपल्याकडे ठरलेलं उत्तर आहे: "सर माझ्या मुलासारखेच." बोलणारा मायेनं बोलतो, पण ऐकणाऱ्याच्या मनात येतं, मुलाचे हुकूम कुठला बाप ऐकतो? त्यापेक्षा घडलेला प्रसंग सांगावा. समजा, पोलादी जॉबला ४० मिमीचा बोअर आहे, मर्यादा ४०.००० ते ४०.०२५. तिशीतले साहेब म्हणतात, जॉब उतरला की लगेच मोजा. तुम्हाला ठाऊक असतं की गरम जॉबचा बोअर मोठा दिसतो. जॉब २० अंशांनी थंड झाला की तो साधारण ९ मायक्रॉननं आकसतो. म्हणजे गरम असताना ४०.००४ भरलेला, पास झालेला जॉब नंतर ३९.९९५ भरणार आणि रिजेक्ट होणार. तुम्ही एकच जॉब दोनदा मोजला आणि दोन्ही रीडिंगं केबिनमध्ये नेऊन दाखवली, ऑपरेटरांसमोर नाही. साहेबांनी थंड करायला वेळ दिलाच नाही, गरम जॉबसाठी खालची मर्यादा तेवढी ४०.०१० केली. तुम्हाला अर्धंच पटलं, तरी पुढच्या शिफ्टपासून तसंच मोजलं.

उत्तराचा जीव या शेवटच्या वाक्यात आहे. साहेब शेवटी तोंडघशी पडले, असा प्रसंग निवडायचा मोह होतो, तो आवरावा.

दुसऱ्या प्रश्नाला हा प्रसंग चालत नाही, कारण त्यात पोरं कुठंच नाहीत. तिथं सांगायचं ते असं: ट्रेनी बोअर गेज आत घालून दिसेल तो आकडा लिहीत होता. गेज हलकेच पुढंमागं झुलवायचा आणि काटा जिथून परत फिरतो ते सर्वांत कमी रीडिंग घ्यायचं, हे त्याच्या हातावर हात ठेवून दाखवलं. कंट्रोलरवर वेअर ऑफसेट कसा भरायचा, ते त्यानं मला शिकवलं. ही दुसरी बाजू सांगितली नाही, तर उत्तर ‘मी गुरुजी, तुम्ही शिष्य’ असं वाटतं.

प्रश्न मोघम असेल, तर पुढचा उपप्रश्न नीट ऐकावा. "मतभेद झाला तर?" म्हणजे रोख साहेबांवर आहे. "नवी पोरं ऐकत नाहीत हो" म्हणजे टीमवर. "आमच्याकडे सगळेच तरुण" एवढंच म्हणाले, तर आधी साहेबांचं सांगावं, मग पोरांचं. अडून बसण्याची धास्ती मालकाला जास्त असते.