जरदोजी आणि आरीकाम: एकाच अड्ड्यावरची दोन वेगळी कामे

गेल्या लग्नसराईत एक बाई माझ्याकडे ब्लाउज घेऊन आल्या. बाहीवरच्या कोयरीच्या टोकाला सोनेरी धागा सुटला होता, तो बांगडीत अडकला आणि पाहता पाहता वीतभर उसवत गेला. "जरदोसी म्हणून घेतलं होतं हो," असे त्या म्हणाल्या. मी ब्लाउज उलटा करून अस्तर थोडे उसवले, तर आतल्या बाजूलाही सोनेरी धाग्याची सलग रेघ दिसली. ते जरदोजीचे काम नव्हते, आरीचे होते. आरीकाम हलक्या प्रतीचे असते असा याचा अर्थ नव्हे. मात्र ही दोन कामे कापडाला निरनिराळ्या पद्धतीने धरून राहतात, त्यामुळे ती सुटतातही निरनिराळ्या पद्धतीने आणि त्यांची दुरुस्तीही वेगळी असते.

घोटाळा होण्याचे कारण उघड आहे. दोन्ही कामे एकाच अड्ड्यावर, म्हणजे कापड ताणून बसवण्याच्या चौकटीवर होतात, पुष्कळदा एकच कारागीर ती करतो, आणि दुकानात दोन्हींना एकच नाव लावले जाते. फारशीत 'जर' म्हणजे सोने आणि 'दोजी' म्हणजे शिवण. आपल्या जरतारीतला आणि जरीकाठातला 'जर' तोच, फरक इतकाच की पैठणीची जर मागावर विणली जाते, तर जरदोजीची तयार कापडावर शिवली जाते. लखनौच्या जरदोजीला 2013 साली भौगोलिक मानांकन मिळाले. बरेली, आग्रा आणि भोपाळ येथेही हे काम जुने आहे. आरीचे नाव मात्र हत्याराचे आहे. चांभार ज्या आरीने चामड्याला भोक पाडतो, तिच्याच कुळातली ही बारीक, टोकाशी आकडा असलेली सुई आहे, आणि कच्छमधील मोची समाजाच्या भरतकामाशी तिचा जुना संबंध आहे.

तरीही हत्यार पाहून निवाडा करता येत नाही, कारण आजचा जरदोजी कारागीरसुद्धा वेळ वाचवण्यासाठी हातात आरी घेतोच. पाहायचे असते ते एवढेच, की सोनेरी धागा स्वतः कापडातून वर-खाली जातो, की तो कापडावर नुसता निजतो आणि दुसराच धागा त्याला धरून ठेवतो.

आरीकामात तो स्वतः जातो. धागा कापडाखाली डाव्या हातात असतो; उजव्या हातातली आरी कापडातून खाली जाते, आकड्यात धागा पकडते आणि त्याचा फासा वर ओढून आणते. पुढचा फासा या फाशातून वर येतो आणि अशी साखळी बनत जाते. प्रत्येक फासा आधीच्या फाशाला अडकवून ठेवतो, म्हणजे सगळ्यांत शेवटच्या फाशाला धरणारे कोणीच नसते. धान्याच्या पोत्याचे तोंड शिवलेले असते, त्याचा नेमका दोरा सापडला की एका झटक्यात सगळी शिवण निघून येते. आरीची साखळीही तशीच, शेवटाकडून उसवते. म्हणून शेवटचा फासा काढल्यावर त्याच्या बाहेरच्या अंगाला, अगदी लगत आरी खाली घालून धागा मागे उतरवावा लागतो, आणि मागच्या टाक्यांत दोनतीनदा अडकवून गाठ मारावी लागते. घाईत ही गाठ राहून जाते. त्या ब्लाउजात तेच झाले होते.

जरदोजीतला कलाबतू मात्र अशी ये-जा सहन करू शकत नाही. कलाबतू म्हणजे रेशमाच्या किंवा सुताच्या धाग्याभोवती चपट्या धातूच्या तारेचा पीळ. ही चपटी तार म्हणजे बादला. असा धागा कापडाच्या भोकातून पुन्हापुन्हा ओढला, तर पीळ घासून सरकतो आणि आतले पिवळे सूत उघडे पडते. आरीकामासाठी मुद्दाम बारीक, बहुधा प्लास्टिकचा मुलामा असलेला जरीधागा वापरतात, तो यामुळेच. खरा कलाबतू कापडावर ठेवायचा आणि मेण लावलेल्या बारीक पिवळ्या दोऱ्याने वरून आडवे टाके घालून बांधायचा असतो. शिवणवर्गात याला काउचिंग म्हणतात.

पण त्याआधी कापड ताणणे आले, आणि माझ्या मते निम्मे काम तिथेच ठरते. अड्डा म्हणजे दोन लांब दांडे आणि त्यांच्यात अंतर राखणाऱ्या दोन आडव्या पट्ट्या. दांड्यांवर ठोकलेल्या कापडी पट्टीला आपले कापड धाव दोऱ्याने शिवायचे, उभे-आडवे धागे दांड्यांशी तिरके जात नाहीत ना ते पाहायचे, आणि मग दोन्ही कडा सुतळीने बाजूच्या पट्ट्यांना आवळायच्या. जॉर्जेट किंवा नेटसारखे नाजूक कापड असेल, तर खाली धुऊन घेतलेला मांजरपाट एकत्र ताणायचा. न धुतलेला मांजरपाट नंतर आटतो आणि वरचे कापड चुण्या खाते. बोटाने टिचकी मारली की ढोलकीसारखा, पण हलका, आवाज यायला हवा.

आरीकामात ताण थोडा कमीजास्त झाला तरी चालून जाते, कारण साखळी कापडाबरोबर जराशी हलते. कलाबतूला लवचिकता नसते. कापड ढिले असताना तो बांधला, तर अंगावर कापड ताणले जाते तेव्हा तार अपुरी पडते आणि तिच्या शेजारी कापडाला सुरकुत्या येतात. उलट क्रेपसारखे कापड फाजील ताणून बांधले, तर अड्ड्यावरून उतरवताच कापड आखडते आणि तार जागोजाग फुगून उभी राहते. ही फुगलेली तार पुढे बांगडीत अडकते. काम चालू असताना ताण उतरला तर सुतळी पुन्हा आवळावी, मात्र दोन्ही बाजूंनी सारखी. एकाच बाजूने आवळली की नक्षी तिरकी होते आणि ते कळते तेव्हा उशीर झालेला असतो.

आता तीच कोयरी घेऊ, पाच सेंटिमीटर उंचीची. तिच्या बाह्यरेषेची लांबी साधारण तेरा सेंटिमीटर भरते. आरीने ही रेषा माझ्या हाताला तीनचार मिनिटांत निघते. कलाबतूने तिला वीस मिनिटे तरी लागतात. दोन धागे शेजारी-शेजारी ठेवायचे, सुरुवातीला दोनतीन सेंटिमीटर शेपूट मोकळे सोडायचे आणि सरळ भागात दर तीन-चार मिलिमीटरवर एक आडवा टाका घालायचा. सुई तारेच्या अगदी कडेला वर येते आणि समोरच्या कडेला खाली जाते. टाका तारेला टेकला पाहिजे, रुतता कामा नये. रुतलेला टाका दुरूनही ओळखू येतो, कारण तिथे सोने चेपून खळगा दिसतो आणि सलग चकाकी तुटते. वळणावर अंतर दोन मिलिमीटरवर आणावे लागते, नाहीतर कोयरीची कमान गोल न राहता कोनाकोनांची होते. दुसरी ओळ लावायची असेल, तर तिचे टाके पहिल्या ओळीतल्या दोन टाक्यांच्या मधोमध येतात, विटांच्या बांधकामासारखे.

खरी परीक्षा कोयरीच्या टोकाशी असते. दोन्ही धागे एकदम वळवले तर बाहेरचा धागा आतल्यावर चढतो आणि टोक बोथट होते. म्हणून आधी बाहेरचा धागा एकटा, टोकाच्या बिंदूवर स्वतंत्र टाक्याने बांधायचा, मग आतला त्याच्या कुशीत वळवून वेगळ्या टाक्याने बांधायचा, आणि त्यानंतर दोन्ही धागे पुन्हा एका टाक्याखाली आणायचे.

आकार पुरा झाला की टोके मागे न्यायची. ही पायरी वगळून धागा समोरच कात्रीने कापून टाकणारे लोक मी पाहिले आहेत. दोन महिने काम छान दिसते, मग कापलेल्या टोकाकडून बादल्याचा पीळ सुटू लागतो आणि सुताचा तुरा बाहेर येतो. योग्य रीत अशी की मोठ्या नेढ्याची जाड सुई नेमक्या शेवटच्या बिंदूत अर्धी घालायची, शेपूट नेढ्यात ओवायचे आणि सुई खाली ओढायची. दोन्ही शेपटे एकाच भोकातून नेली तर तिथे गाठीसारखा उंचवटा येतो, म्हणून ती एकेक करून, जरा अंतर राखून उतरवावीत. मागे शेपूट आलेल्या रेषेखालीच परत वळवायचे, तीनचार टाक्यांनी मांजरपाटाला किंवा आधीच्या टाक्यांना जखडायचे आणि सेंटिमीटरभर ठेवून मग कापायचे. कलाबतूला गाठ मारायची नसते; ती फुगीर होते आणि आतला धागा तुटतो. पिवळ्या दोऱ्याचा शेवट मात्र दोन उलट्या टाक्यांनी वेगळा पक्का करावा लागतो. मागून डिंक फासणे हा यावरचा उपाय नव्हे. डिंक वाळला की कापड कडक होते आणि घडीवर तडकते.

डबक्याचे, म्हणजे स्प्रिंगसारख्या वेटोळ्या तारेचे, प्रकरण थोडे निराळे आहे. त्याचे कापलेले तुकडे मण्यासारखे दोऱ्यात ओवतात. तुकडा टाक्याएवढाच हवा, लांब झाला तर कमानीसारखा उठतो आणि आखूड झाला तर दोरा दिसतो. इथेच सुई आणि आरी यांतला फरक पुन्हा उपटतो. सुईने लावलेल्या डबक्याला दर चारपाच तुकड्यांनी मागे एक उलटा टाका देता येतो, म्हणजे एक तुकडा गेला तरी शेजारचे राहतात. आरीने लावलेले तुकडे एकाच धाग्याच्या सलग साखळीवर असतात, त्यामुळे शेवट सुटला की एकामागून एक निघून येतात.

दुकानात ओळखायचे असेल तर उलटी बाजू मागावी. सोनेरी धाग्याची सलग रेघ मागेही दिसली तर ते आरीकाम समजावे. मागे पिवळे तुटक टाके आणि फक्त आकारांच्या शेवटाशी सोनेरी शेपटे दिसली तर तार वरून बांधलेली आहे. अस्तर लावलेले असेल तर पुढूनही अंदाज येतो: भिंगातून पाहिल्यास आरीच्या रेषेत एकात एक गुंफलेले फासे दिसतात, तर कलाबतू दोरीसारखा सलग पडलेला असतो.

त्या बाईंच्या ब्लाउजात वीतभर उसवलेला धागा परत ओवता येण्याजोगा राहिला नव्हता. मी शाबूत राहिलेल्या शेवटच्या फाशातून पिवळा दोरा काढून त्याला मागे बांधून टाकले, म्हणजे उसवणे तिथे थांबले. उरलेल्या रिकाम्या रेषेवर त्याच छटेचा कलाबतू बसवला. आता ती कोयरी अर्धी आरीची आणि अर्धी जरदोजीची आहे. उजेडात धरली की जोड दिसतो, आणि तो दिसेल हे मी त्यांना आधीच सांगितले होते.