"हो की नाही, एवढंच सांगा"

"कोर्टात साक्ष देताना उलटतपासणीत फक्त 'हो' किंवा 'नाही' म्हणावं लागतं ना?"

नाही, तसा कायदा नाही. उत्तर तोंडात घालणारे सूचक प्रश्न विचारायची मुभा मात्र विरुद्ध बाजूच्या वकिलाला आहे. समजा, प्रश्न आला, "रस्त्यावर दिवा नव्हता, बरोबर?" नुसतं 'हो' म्हटलंत तर चेहरा दिसलाच नाही, असा युक्तिवाद होईल. म्हणून सावकाश सांगा, "दिवा नव्हता, पण दुकानाच्या उजेडात चेहरा दिसला." वकिलाने मध्येच तोडलं, तर न्यायाधीशांकडे पाहून "पूर्ण सांगू का?" असं विचारा. राहिलेला खुलासा सरकारी वकील त्यानंतरच्या फेरतपासणीत काढून घेऊ शकतात. वेळ आठवत नसेल, तर "आठवत नाही" म्हणा. अंदाजाने ठोकलेला आकडाच पुढे पोलिसांना दिलेल्या जबाबाशी विसंगत ठरतो. आणि सही करण्याआधी टंकलेली साक्ष वाचा. घाईत हेच राहून जातं.