महेश्वरी साडीचे विक्रीवर्णन

महेश्वरी साडीचे विक्रीवर्णन : हातमागावरची महेश्वरी साडी हातात न घेता विकत घेणाऱ्यासाठी लिहिलेला, तिची वीण, रंग, निगा आणि अस्सलपणा सांगणारा मजकूर. महेश्वर हे नर्मदाकाठचे गाव इंदूरपासून साधारण 90 किमीवर, खरगोन जिल्ह्यात आहे. अहिल्याबाई होळकरांच्या कारकिर्दीत (1767–95) ते होळकरांची राजधानी होते. इंदूरच्या मराठी घरांतून पुण्या-नागपूरच्या बहिणी-भाच्यांसाठी या साड्या जातात. पूर्वी निवड दुकानात बसून व्हायची, आता फोनवरच्या फोटोवरून होते आणि ‘फोटोत तर जांभळी होती’ ही तक्रार तिथूनच सुरू होते.

वर्णनाचे पहिले वाक्य ताणा कशाचा आणि बाणा कशाचा, हे सांगणारे असावे. ‘मऊ, तलम, पारंपरिक’ ही विशेषणे कुठल्याही साडीला चिकटवता येतात. प्रचलित महेश्वरीत ताणा, म्हणजे साडीच्या लांबीत जाणारे उभे धागे, रेशमाचा असतो आणि बाणा, म्हणजे आडवे धागे, सुताचा. तिला नीम रेशमी असेही म्हणतात. पूर्ण सुती, पूर्ण रेशमी आणि टिश्यू या प्रकारांतही महेश्वरी विणली जाते, त्यामुळे प्रकार गृहीत धरून चालत नाही. रंग का बदलतो, धुतल्यावर काय होते आणि नक्कल कशी ओळखायची, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे बरीचशी या ताण्याबाण्यातच असतात.

रंगाचे उदाहरण घेऊ. ताणा राणी रंगाचा आणि बाणा मोरपंखी निळा आहे. लांबून अंग जांभळे दिसते, पण त्यात जांभळा धागा एकही नाही. रेशीम चमकते, सूत चमकत नाही. म्हणून तिरप्या उजेडात, निऱ्यांच्या कडांवर, राणी रंग उसळून येतो आणि समोरून पाहिले की निळा पुढे येतो. फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत साडी गुलाबीकडे झुकते. पिवळ्या दिव्याखाली निळा मंदावतो. यात खोटे कोणीच बोललेले नसते. ही धूपछाँव आहे आणि बरेच ग्राहक तिच्यासाठीच महेश्वरी घेतात, पण ती आधी सांगितलेली हवी. ‘रंग : जांभळा’ असे लिहिणारा विक्रेता परतीचे पार्सल स्वतःच ओढवून घेतो. त्याऐवजी असे लिहावे : ‘ताणा राणी रेशमी, बाणा मोरपंखी सुती. लांबून जांभळी दिसते, घडीवर राणी झाक मारते. फोटो दिवसा, खिडकीजवळ सावलीत, फ्लॅशशिवाय काढले आहेत.’ एक फोटो सपाट पसरलेल्या कापडाचा आणि एक चुण्या पाडलेल्या कापडाचा दिला की निम्मे प्रश्न मिटतात.

पदराची गोष्ट थोडी वेगळी. जुन्या पद्धतीच्या महेश्वरी पदरावर पाच आडवे पट्टे असतात, तीन रंगीत आणि दोन पांढरे. हे पट्टे बाण्यातले. खालून ताणा तोच राणी रंगाचा जात राहतो. त्यामुळे ‘पांढरा’ पट्टा दुधासारखा पांढरा न येता गुलाबी छटा घेऊनच येतो. पट्ट्याला डाग आहे असे समजून साडी परत पाठवणारे ग्राहक असतात. त्यांचा दोष नाही. त्यांना कोणी सांगितलेले नसते.

रंगाबाबत आणखी एक मर्यादा आहे. सूत आणि रेशीम लडींच्या रूपात, थोडे थोडे करून रंगवतात, आणि दोन घाणांचे रंग तंतोतंत जुळत नाहीत. एका लांब ताण्यावर एकामागून एक अनेक साड्या निघतात, म्हणून दोन जावांना एकसारख्या हव्या असतील तर एकाच ताण्यावरच्या मागाव्यात. तरीही मध्येच बाण्याचे सूत नव्या घाणाचे लागले तर फरक दिसतो. कधी तो एकाच साडीच्या अंगावर फिकट-गडद आडव्या पट्ट्याच्या रूपाने येतो. असा पट्टा हातमागाची खूण म्हणून खपवू नये. तो दोष आहे, तो फोटोसह सांगावा आणि किंमत त्याप्रमाणे लावावी. सुताची किंचित जाडी-बारीकी किंवा एखादी गाठ मात्र स्वाभाविक असते.

निगेत दोन तंतूंची ओढाताण असते. रेशमाला सोड्याचा साबण सोसत नाही आणि क्लोरीनचे ब्लीच तर रेशीम खाऊनच टाकते. सुताचा प्रश्न आटण्याचा. बाणा पन्ह्यात, म्हणजे काठापासून काठापर्यंत, जातो. त्यामुळे पहिल्या धुण्यात साडी लांबीपेक्षा उंचीला जास्त कमी होते. उंच बाईला हे आधी कळायला हवे, म्हणून वर्णनात लांबीबरोबर पन्हाही लिहावा. फॉल लावण्यापूर्वी तो भिजवून वाळवून घ्यावा, नाहीतर फॉल एका मापाने आटतो, साडी दुसऱ्या, आणि काठाला चुण्या पडतात. धुण्यापूर्वी आतल्या कोपऱ्यावर ओला पांढरा रुमाल थोडा वेळ दाबून पाहावा; रंग उतरला तर ड्रायक्लीन करावी. नाही उतरला तर थंड पाण्यात रिठा किंवा सौम्य द्रव साबण घालून, फार वेळ न भिजवता, न पिळता धुवावी आणि सावलीत वाळवावी. पाण्यात मीठ टाकल्याने कच्चा रंग पक्का होत नाही, घरोघरी कितीही सांगितले जात असले तरी. इस्त्री मध्यम, उलट बाजूने.

अस्सलपणाचा दावा चार बाजूंनी तपासता येतो. महेश्वरच्या साड्यांना भौगोलिक मानांकन आहे; 2006 पासून हँडलूम मार्क हे सरकारी चिन्हही आहे. पण लेबलाने समाधान होत नसेल तर कापडच विचारावे. पदराच्या टोकाच्या सुट्या दशांतला एक उभा धागा आणि कापडाच्या कापलेल्या कडेचा एक आडवा धागा काढून चिमट्यात धरून जाळावा. उभ्याला जळक्या केसांचा वास येऊन राख बोटात चुरली पाहिजे. आडव्याला जळक्या कागदाचा वास आणि मऊ करडी राख. धागा वितळून कडक मणी झाला तर तो पॉलिएस्टर, मग लेबल काहीही म्हणो. ही परीक्षा तंतू सांगते, माग नाही. यंत्रमागावरही रेशीम-सूत विणता येते.

मागासाठी किनार पाहावी. विणकर कापड ताठ ठेवायला टोकाला खिळे असलेली आडवी काठी लावतो आणि वीण पुढे गेली की ती हाताने सरकवतो, म्हणून किनारीवर टाचणीएवढी भोके कमी-जास्त अंतराने दिसतात. यंत्रमागाच्याही खुणा पडतात, पण त्या सलग आणि एका मापाच्या. तरी नुसत्या भोकांवर निर्णय देऊ नये. उलट बाजू पाहणे जास्त खात्रीचे : महेश्वरीचा बुगडी काठ दोन्हीकडून नेटका असतो, साडी उलटीही नेसता येते. छापून काठ काढलेल्या नकलेत मागची बाजू फिकी पडते. सुलट्या काठाशेजारी उलट्या काठाचा जवळून घेतलेला फोटो वर्णनात नसेल तर ग्राहकाने तो मागावा, आणि तो देण्यात टाळाटाळ करणाऱ्याकडून साडी घेऊ नये.