एका पॉइंटचे खरे रुपये किती? रिडीम करण्याआधी स्क्रीनशॉट असे ताडून बघा

दिवाळीच्या सुट्टीची तिकिटं काढायची वेळ आली की आमच्या नौपाड्यातल्या काउंटरवर एक प्रश्न रोज येतो. मोबाइल पुढे सरकवून ग्राहक विचारतात, "क्रेडिट कार्डावर एवढे पॉइंट साठलेत, तिकिटात वळते होतील का?" वळते होतात, पण तिकिटातच वळते करावेत का, हा वेगळा प्रश्न आहे. तो सोडवायला तुमच्या मोबाइलमधले चार-पाच स्क्रीनशॉट आणि साधा कॅल्क्युलेटर पुरतो. हे माहितीपत्रक त्यासाठीच आहे. आधीच सांगतो, बँकेच्या पोर्टलवर पॉइंट वापरून तिकीट काढलंत तर आमच्या हाती काही लागत नाही, तेव्हा त्या पर्यायाची भलामण करण्यात आमचा काही स्वार्थ नाही.

मूळ हिशेब एका ओळीचा आहे. तुमच्या खिशातून जाणारे किती रुपये खरोखर वाचले, त्यातून शुल्क वजा करा आणि खर्च झालेल्या पॉइंटनी भागा. अडचण भागाकारात नसते. "खरोखर वाचले" हा आकडा बँकेच्या स्क्रीनवर कुठेच लिहिलेला नसतो, तो आपल्याला बाहेरून आणावा लागतो. स्क्रीनवर दिसतो तो बँकेने त्या वस्तूला लावलेला भाव.

घोडबंदर रोडवर राहणाऱ्या आमच्या एका जुन्या ग्राहक काकूंचं उदाहरण घेऊ. (त्यांना विचारूनच घेतलंय, बँकेचं नाव मात्र मुद्दाम गाळलंय.) कार्डावर १८,४०० पॉइंट होते. पुतण्याच्या लग्नाला दोघांना मुंबईहून नागपूरला विमानाने जाऊन परत यायचं होतं. काकूंनी चार स्क्रीनशॉट आणले होते आणि मनाशी मिक्सर पक्का केला होता.

मिक्सरचं चित्र खरंच मोहात पाडणारं होतं. १४,००० पॉइंटना मिक्सर, खाली छापील किंमत ५,९९५ रुपये. भागाकार केला तर पॉइंटला जवळजवळ ४३ पैसे पडतात, म्हणजे कागदावर चांगला भाव. पण छापील किमतीला मिक्सर विकत घेतं कोण? स्क्रीनशॉट मोठा करून मॉडेल नंबर वाचला आणि काकूंच्या मुलाने स्टेशनजवळच्या दुकानात फोन लावला. तेच मॉडेल ३,४०० रुपयांना मिळत होतं. वर रिडीम करण्याचं शुल्क ९९ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११६ रुपये ८२ पैसे. ते वजा जाता हातात ३,२८३ रुपयांचा माल आला आणि पॉइंट पडला साडेतेवीस पैशांना. वस्तूंच्या कॅटलॉगमध्ये असं वारंवार होतं. म्हणून त्या स्क्रीनशॉटसोबत त्याच मॉडेलचा बाजारभाव दाखवणारा दुसरा स्क्रीनशॉट नसेल, तर पहिल्याला अर्थ नाही.

दुसरा पर्याय स्टेटमेंट क्रेडिटचा, म्हणजे बिलातून पैसे वजा. इथे पॉइंटला २० पैसे सरळ लिहिलेले होते. १८,४०० पॉइंटचे ३,६८० रुपये, शुल्क जाऊन ३,५६३, म्हणजे १९ पैशांच्या थोडं वर. भाव कमी असला तरी यात फसवाफसवी नाही, रोख ती रोख. एक लक्षात ठेवा, बहुतेक कार्डांवर ही जमा म्हणजे बिल भरणं धरलं जात नाही. किमान देय रक्कम तुम्हाला वेगळी भरावीच लागते, नाहीतर पॉइंटचे पैसे जमा होऊनही उशिराचा दंड लागतो.

तिसरा स्क्रीनशॉट व्हाउचरचा होता. ५०० रुपयांचं व्हाउचर १,५०० पॉइंटना, म्हणजे पॉइंटला ३३ पैसे. १८,४०० पॉइंटमध्ये अशी १२ व्हाउचर बसतात आणि ४०० पॉइंट उरतात. ते ४०० पुढे कशालाच पुरत नसतील तर तेही खर्चातच धरायचे. ६,००० रुपयांतून एकदा शुल्क वजा करून १८,४०० ने भागलं की ३२ पैसे येतात. इथे "एकदा" या शब्दावर सगळा खेळ आहे. बाराही व्हाउचर एकाच कार्टमध्ये घालून रिडीम केली तर शुल्क एकदाच लागत होतं. महिन्याला एक अशी बारा वेळा काढली असती तर नुसतं शुल्कच १,४०० रुपयांच्या वर गेलं असतं आणि पॉइंट पंचवीस पैशांवर आला असता. शुल्काची ओळ बरेचदा शेवटच्या, म्हणजे ओटीपी मागण्याच्या आधीच्या पानावर असते, म्हणून स्क्रीनशॉट त्या पानाचा घ्या. ओटीपी टाकला नाही तर काही कापलं जात नाही. व्हाउचर कुठलं तेही बघा. ज्या दुकानातून तुम्ही एरवी किराणा किंवा कपडे घेताच, तिथलं व्हाउचर म्हणजे जवळपास रोख. जिथे कधी पाऊल टाकत नाही, तिथल्या ५०० रुपयांच्या व्हाउचरचे ५०० धरू नका. आणि त्याची मुदतही वाचून ठेवा.

आता विमानाचं तिकीट, जिथे सगळ्यात जास्त घोळ होतो.

काकूंच्या कार्डावर प्रवासाच्या पोर्टलमध्ये पॉइंटला ५० पैसे मिळत होते. "५० पैसे म्हणजे ३२पेक्षा जास्त, झालं की मग!" असं त्यांच्या मुलाचं म्हणणं पडलं. पण ते ५० पैसे पोर्टलच्या भाड्यावर मिळतात, आणि पोर्टलचं भाडं विमान कंपनीच्या भाड्याइतकंच असेल असं नाही. मुलाने आणलेल्या स्क्रीनशॉटवर १२,७०० रुपये होते, कारण तो शोधयादीचा स्क्रीनशॉट होता. तेच तिकीट पैसे भरण्याच्या पानापर्यंत नेलं तेव्हा कन्व्हिनियन्स फी धरून आकडा १३,४०० झाला. लगेच विमान कंपनीच्या स्वतःच्या साइटवर तीच विमानं, त्याच तारखा घालून शेवटच्या पानापर्यंत गेलो, तिथे सगळं धरून १२,१५० आले.

या जोडीत एक काळजी घ्यावी लागते. दोन्ही स्क्रीनशॉट पाच-दहा मिनिटांच्या आतले हवेत, कारण भाडं तासाभरातही हलतं. सकाळचा एक आणि संध्याकाळचा एक अशी तुलना करून उपयोग नाही. तसंच दोन्हीकडे भाड्याचा प्रकार एकच हवा. एकीकडे नुसतं हातातलं सामान आणि दुसरीकडे १५ किलो चेक-इन सामान धरलेलं असेल, तर तो फरक भाड्याचा नाही, बॅगेचा आहे. लग्नाचं सामान घेऊन निघालेल्या माणसाला हे विमानतळावर कळणं फार महागात पडतं.

आता हिशेब. काकूंच्या पोर्टलवर बिलाच्या ७० टक्क्यांपर्यंतच पॉइंट वापरता येत होते. १३,४००चे ७० टक्के म्हणजे ९,३८०. त्यांच्या १८,४०० पॉइंटचे होतात ९,२००, म्हणजे मर्यादेत बसले. (तिकीट १०,००० रुपयांचंच असतं तर ७,००० रुपयांचेच, म्हणजे १४,००० पॉइंट चालले असते, बाकीचे तसेच राहिले असते.) उरलेले ४,२०० रुपये कार्डाने भरायचे. पोर्टल म्हणतं ९,२०० वाचले. पण थेट साइटवर त्यांचे एरवी १२,१५०च गेले असते, तेव्हा वाचले १२,१५० वजा ४,२००, म्हणजे ७,९५०. त्याला १८,४०० ने भागलं की ४३ पैसे. ५० नाहीत, पण चारही पर्यायांत सगळ्यात जास्त. या पोर्टलवर ९९ रुपयांचं शुल्क नव्हतं, तुमच्याकडे असलं तर तेही वजा करा.

कीस काढायचाच तर अजून एक पायरी आहे. थेट साइटवर ते ७,९५० रुपये जास्त कार्डाने भरले असते तर त्यावर नवे पॉइंट मिळाले असते. काकूंच्या कार्डाला १५० रुपयांमागे ४ पॉइंट, म्हणजे २१२ पॉइंट हुकले, साधारण ९० रुपयांचे. भाव अर्ध्या पैशाने खाली येतो, निर्णय बदलत नाही. थेट साइटवर कूपन मात्र नक्की बघा. त्या दिवशी एका बँकेची ७५० रुपयांची सूट चालू होती आणि त्या बँकेचं कार्ड काकूंच्या घरात होतं. म्हणजे थेट भाडं ११,४००, वाचले ७,२००, पॉइंट ३९ पैशांवर. तरीही व्हाउचरपेक्षा बरा. थेट भाडं १०,०८३ रुपयांच्या खाली गेलं असतं, तर मात्र व्हाउचर घेऊन तिकीट रोख काढणं फायद्याचं झालं असतं. हा आकडा आधी काढून ठेवला की दर तासाला भाडं बघून जीव घाबरा होत नाही: व्हाउचरमधून हाती येणारे ५,८८३ आणि पोर्टलवर रोख भरायचे ४,२००, यांची बेरीज.

हे सगळं खरं आहे ते नागपूरला जायचं ठरलेलंच होतं म्हणून. पॉइंट आहेत म्हणून सहल आखलीत, तर ७,९५० रुपये वाचले नाहीत, उलट ४,२०० खर्च झाले. आणि लग्नाची तारीख हलण्याची शक्यता असेल तर रद्द केल्यावर पॉइंट परत येतात का, किती दिवसांनी, कापून किती, ते पोर्टलच्या नियमात वाचा. विमान कंपनी तिचं शुल्क कापणारच, पोर्टलही वर आपलं कापू शकतं.

विमान कंपन्यांच्या माइल्समध्ये पॉइंट वळवण्याचा पर्यायही काही कार्डांवर असतो. त्याचा स्क्रीनशॉट नुसतं गुणोत्तर दाखवतो, आणि गुणोत्तरावरून रुपये कळत नाहीत. तुम्हाला हव्या त्या तारखेचं माइल्सवरचं तिकीट आधी शोधा, त्यावरचे कर धरा, मगच वळवा. एकदा वळवलेले पॉइंट सहसा परत येत नाहीत.

हिशेब आमच्याकडून तपासून घ्यायचा असेल तर स्क्रीनशॉट कापू नका, वरची वेळ आणि खालची बारीक अक्षरं दिसू द्या. कार्डाचा नंबर, मोबाइल नंबर, ईमेल आणि आधी काढलेल्या व्हाउचरचा कोड व पिन तेवढे झाकून पाठवा. पॉइंटची शिल्लक आणि ते कधी बाद होणार ती तारीख असलेलं पान सोबत जोडा. "तुमचे ९,८५० रुपयांचे पॉइंट आज रात्री संपणार, लिंकवर क्लिक करा" असा एसएमएस आला असेल, तर त्याचा स्क्रीनशॉट आम्हाला पाठवायचीही गरज नाही, तो मेसेज पुसून टाका आणि शिल्लक बँकेच्या ॲपमध्येच बघा. ओटीपी आम्ही कधीच मागत नाही. काउंटरवर बसूनही तो तुम्ही तुमच्याच मोबाइलवर टाकायचा.