माशाला कोकम आणि विसरलेला टॅम्पॉन

मागच्या महिन्यात भाचीचा बंगळुरूहून फोन आला. "मावशी, एक विचारायचंय. पण आईला सांगू नकोस." मी तीस वर्षं सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं, त्यामुळे घरातल्या मुलींचे असे फोन मला नवे नाहीत. पाळी संपून आठ दिवस झाले होते. अंगावरून तपकिरी, पाणचट काहीतरी जात होतं आणि वास असा की ऑफिसात शेजारी कुणी बसलं तर ती खुर्ची मागे सरकवायची. "उंदीर मेल्यासारखा वास येतो गं," ती म्हणाली आणि रडायला लागली.

उपाय सगळे करून झाले होते. रूममेटने सांगितलं, उष्णता झालीय, सब्जा पी. चार दिवस सब्जा झाला. मग औषधाच्या दुकानातून बुरशीसंसर्गावरची एक गोळी आणली. मग 'पीएच संतुलित' असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं, गुलाबी बाटलीतलं महागडं वॉश आलं. वास कमी व्हायच्या ऐवजी वाढलाच. ही पोरगी पोहायला जाते, म्हणून पाळीत टॅम्पॉन, म्हणजे आत घालायचा दोरा लावलेला कापसाचा बोळा, वापरते, हे मला माहीत होतं. मी एवढंच विचारलं, "शेवटच्या दिवशीचा काढल्याचं नक्की आठवतंय का?" पलीकडे शांतता.

झालं होतं असं. शेवटच्या दिवशी सकाळी एक टॅम्पॉन घातला होता, रक्तस्राव जवळजवळ नव्हताच, त्यामुळे तो लक्षातून गेला. संध्याकाळी पोहायला जाताना दुसरा घातला. दुसऱ्याने पहिल्याला वर ढकललं, त्याचा दोरा गुंडाळून आत गेला. रात्री एकच दोरा हाताला लागला, एकच बाहेर आला. टॅम्पॉन विसरण्याची ही अगदी नेहमीची तऱ्हा आहे.

"मग तो पोटात गेला असेल का?" हा तिचा पुढचा प्रश्न. नाही. योनीमार्ग म्हणजे वरून बंद असलेली पिशवी आहे. वरच्या टोकाला गर्भाशयाचं तोंड असतं आणि त्याचं छिद्र एरवी काही मिलिमीटरचंच. तिथून टॅम्पॉन आत जाऊ शकत नाही. गर्भाशयाच्या तोंडाभोवती, विशेषतः त्याच्या मागच्या बाजूला, एक खोलगट कोनाडा असतो. टॅम्पॉन तिथे आडवा होऊन बसतो. हरवत नाही, फक्त बोटाला सहज लागत नाही.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येते. वास एवढा भयंकर का?

निरोगी योनीमार्गात लॅक्टोबॅसिलस जातीच्या जिवाणूंचं राज्य असतं. भिंतीच्या पेशींमध्ये साठलेल्या ग्लायकोजेनपासून जी साखर सुटते, तिच्यावर ते जगतात आणि लॅक्टिक आम्ल सोडतात. दह्याचा आंबटपणा ज्याचा, तेच हे आम्ल. त्यामुळे तिथला पीएच ३.८ ते ४.५ च्या आसपास राहतो आणि सडवणाऱ्या जिवाणूंना तिथे फारसं फावत नाही. रक्ताचा पीएच मात्र ७.४, म्हणजे आम्लता कितीतरी कमी. पाळीत आम्लता उतरते, पाळी संपली की परत चढते. पण रक्ताने भिजलेला कापूस आतच राहिला तर ती परत चढायलाच वाव मिळत नाही. कापसाच्या धाग्यांमध्ये प्रथिनं आहेत, लोह आहे, ऊब आहे. आधी ऑक्सिजनवर जगणारे जिवाणू वाढतात आणि तिथला ऑक्सिजन संपवून टाकतात. मग ज्यांना ऑक्सिजन नकोच असतो अशा विनॉक्सी जिवाणूंची पाळी येते. ते प्रथिनं फोडतात आणि त्यातून अमाइन नावाची रसायनं बाहेर पडतात. त्यातल्या दोघांची नावंच पुट्रेसीन आणि कॅडॅव्हरीन आहेत, एक सडण्यावरून आणि दुसरं प्रेतावरून ठेवलेलं. तिसरं ट्रायमिथाइलअमाइन, म्हणजे शिळ्या माशाचा वास.

गंमत इथे आहे. अमाइन तयार झालं म्हणजे वास आला असं नाही. नाकापर्यंत पोहोचायला ते हवेत उडावं लागतं. आम्लात अमाइनला एक प्रोटॉन चिकटतो, त्याचा क्षार होतो आणि तो पाण्यातच अडकून पडतो. बांगड्याला कोकमाचं आगळ किंवा लिंबू चोळलं की वास मरतो, तो याच कारणाने. आपल्या आज्यांनी प्रोटॉनचं नाव न घेता त्याचाच वापर केला. उलट आम्लता घटली की प्रोटॉन सुटतो, अमाइन मोकळं होतं आणि उडतं. पीएच एकाने वाढला की मोकळ्या अमाइनचं प्रमाण साधारण दहापट होतं. ४ वरून ७ वर गेला की दहा गुणिले दहा गुणिले दहा, म्हणजे हजारपट. (हे गणित डोक्यावरून गेलं असेल तर सोडून द्या, कोकम लक्षात ठेवा.) डॉक्टर हेच तत्त्व तपासणीत वापरतात. काचपट्टीवरच्या स्रावावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात आणि माशासारखा वास आला की विनॉक्सी जिवाणू माजल्याचा तो एक पुरावा धरतात.

यावरून भाचीचे उपाय का फसले ते कळतं. अंगाचा साबण अल्कधर्मी असतो, त्यामुळे आत साबण लावला की अमाइन आणखी मोकळी होतात. आम्लयुक्त वॉश चार मिनिटं वास दाबेल, पण कारखाना आत चालूच. बुरशीच्या गोळीचा जिवाणूंशी संबंध नाही. नुसत्या अँटिबायोटिकचंही तेच. कापसात रक्तवाहिन्या नसतात, धाग्यांच्या पोटात जाळं विणून बसलेल्या जिवाणूंपर्यंत औषध नीट पोहोचत नाही आणि गोळ्या संपल्या की वास परत येतो. आणि उष्णता? सब्जा छान लागतो, फालुद्यात घाला. आत अडकलेला कापूस त्याने बाहेर येत नाही.

काढायचा कसा, हे मी तिला फोनवरच सांगितलं. ताप, पोटात दुखणं किंवा चक्कर नव्हती, म्हणूनच सांगितलं. नखं कापून हात धुवायचे. उकिडवं बसायचं, कारण तसं बसल्यावर आतलं अंतर कमी होतं. शौचाला करतो तसा हलका जोर करायचा आणि तर्जनी व मधलं बोट आत सरकवायचं. नाकाच्या शेंड्यासारखं टणक-मऊ लागतं ते गर्भाशयाचं तोंड, त्याला ओढायचं नाही. त्याच्या भोवती आणि मागे बोट फिरवायचं, भिजलेल्या बोळ्यासारखं लागलं की दोन बोटांत धरून सावकाश खाली आणायचं. पाच-सात मिनिटांत जमलं नाही तर थांबायचं. चिमटा, प्लकर, काहीही घालायचं नाही. पाण्याच्या फवाऱ्याने आत धुवायचंही नाही, त्याने घाण वर गर्भाशयाकडे ढकलली जाऊ शकते.

तिला जमलं नाही. "टोकाला लागतंय, पण निसटतंय." तेव्हा गायनॅककडे जायचं, आणि आजच.

"आजच" का, ते सांगते. विसरलेल्या बहुतेक टॅम्पॉनमधून वास आणि मनस्तापापलीकडे काही होत नाही. पण दिवस जातील तसा जंतुसंसर्ग वर गर्भाशयात, नळ्यांत चढू शकतो. आणि दुसरी गोष्ट दुर्मिळ पण जीवघेणी आहे: टॉक्सिक शॉक सिंड्रोम. हे नाव १९७८ साली अमेरिकेतल्या डेन्व्हरमधल्या डॉक्टरांनी सात मुलांच्या आजाराला दिलं. १९८० मध्ये अमेरिकेतल्या तरुण बायकांमध्ये, पाळीच्या दिवसांत, त्याचे शेकडो रुग्ण सापडले आणि सप्टेंबरमध्ये खूप रक्त शोषणारा टॅम्पॉनचा एक ब्रँड बाजारातून मागे घ्यावा लागला.

इथला खलनायक वेगळा आहे, स्टॅफिलोकॉकस ऑरियस. त्याच्या काही वाणांचं विष रोगप्रतिकारक टी-पेशींना फसवतं. एरवी एखाद्या जंतूला ओळखून हजारात एखादीही टी-पेशी उठत नाही. या विषाने पाचातली एकसुद्धा उठू शकते. आपलीच फौज आपल्यावर उलटते आणि रक्तदाब कोसळतो. हे विष तयार व्हायला ऑक्सिजन लागतो, जो टॅम्पॉनसोबत आत जातो. म्हणजे सडका वास आणि टॉक्सिक शॉक या दोन वेगळ्या वाटा आहेत. वास आला म्हणून शॉक येईलच असं नाही, आणि हे जास्त महत्त्वाचं, वास नाही म्हणून शॉक येणार नाही असंही नाही.

१०२ अंशांच्या वर ताप, उन्हाने भाजल्यासारखी लाल कातडी, उलट्या-जुलाब, अंगदुखी, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी: यातलं काही दिसलं तर टॅम्पॉन हाताला लागत असेल तर काढायचा आणि तडक कॅज्युअल्टी गाठायची. दारातच सांगायचं, "आत टॅम्पॉन होता." आपल्याकडे पावसाळ्यात ताप, पुरळ आणि उतरलेला रक्तदाब दिसला की सगळ्यांना आधी डेंग्यू आठवतो. डॉक्टरांनाही आठवणारच. लाजेपायी ते एक वाक्य राहून गेलं तर अर्धा दिवस प्लेटलेट मोजण्यात जाईल.

टॅम्पॉनचंच असं होतं असं नाही. फाटलेल्या निरोधाचा तुकडा, बाळंतपणानंतर राहिलेला गॉजचा बोळा, सगळ्यांची गोष्ट हीच. अंग बाहेर येतं म्हणून आजींना बसवलेली रिंग काही महिन्यांनी तपासायची असते. ती वर्षानुवर्षं विसरली गेली तर भिंतीत रुतते. मात्र त्या वयात रक्ताळ, दुर्गंधीचा स्राव दिसला तर कॅन्सर नाही ना, हेही पाहावंच लागतं. लहान मुलीला असा स्राव होत असेल तर घरी बोट घालायचं नाही, सरळ डॉक्टरकडे. आणि खेळण्यातला बटन सेल आत गेल्याची शंका असेल तर अर्ध्या रात्रीसुद्धा, कारण ओलाव्यात त्याच्या ऋण टोकाशी अल्कली तयार होते आणि ती काही तासांत भिंत जाळते.

भाचीची भीती वेगळीच होती. "लग्न झालंय का, असं विचारतील." विचारतात, खरंय. मी म्हटलं, तू आधीच सांग, "टॅम्पॉन अडकलाय, लहान स्पेक्युलम वापरा आणि खोलीत एक नर्स असू द्या." तिने तसंच सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी योनीमार्ग उघडून धरणारा स्पेक्युलम लावला, लांब चिमट्याने टॅम्पॉन धरला आणि बाहेर येताच पाणी भरलेल्या डब्यात बुडवून झाकण लावलं. पाण्यात वास अडकतो, त्यामुळे खोली भरत नाही. मग तुकडा राहिलाय का ते एकदा पाहिलं. ताप नाही, रक्तदाब ठीक, म्हणून गोळ्याही दिल्या नाहीत. दोन दिवस सकाळ-संध्याकाळ ताप मोजायला आणि पुढच्या पाळीपर्यंत आत काही घालू नको म्हणून सांगितलं. सगळं चार मिनिटांत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिचा मेसेज आला: "मावशी, ९८.४. वास गेला. गुलाबी बाटलीचं काय करू?"